रात्री हातपाय गार पडतात: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

निफाड तालुक्यात माझा दवाखाना आहे. थंडीच्या दिवसांत राज्यातलं सर्वांत कमी तापमान म्हणून बातम्यांत अनेकदा आमच्याच भागाचं नाव येतं, त्यामुळे "डॉक्टर, रात्री पाय बर्फासारखे होतात" हे वाक्य डिसेंबरात मी रोज ऐकते. पण हेच वाक्य एप्रिलमध्ये ऐकलं की मी पेन खाली ठेवते आणि आधी पाऊल हातात घेऊन बघते. खालचे प्रश्न पेशंटनी मला विचारलेले आहेत. उत्तरंही त्यांना दिली तशीच लिहिली आहेत, फक्त थोडी सवडीने.

दिवसभर काही नसतं, मग रात्रीच हातपाय गार का पडतात?

हातापायांचं काम फक्त धरणं आणि चालणं एवढंच नाही. तळहात आणि तळपाय म्हणजे शरीराच्या खिडक्या आहेत. तिथल्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचे असे खास जोड असतात, की ते उघडले तर गरम रक्त भराभर कातडीजवळ येतं आणि उष्णता बाहेर जाते. ते मिटले की उष्णता पोटाछातीत राखली जाते. थंडी वाजली की मेंदू पहिल्यांदा याच खिडक्या लावतो. काळीज, मेंदू, मूत्रपिंडं गरम ठेवायची असतील तर बोटांनी थोडं गारठलेलं चालतं, असा शरीराचा हिशोब असतो.

झोपेआधी मात्र उलटं व्हावं लागतं. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ती उष्णता हातापायांतूनच बाहेर पडते. म्हणून गाढ झोपलेल्या लहान मुलाचे तळवे गरम लागतात. ज्यांच्या खिडक्या रात्रीही बंदच राहतात, त्यांना झोपही उशिरा लागते. "पाय गार म्हणून झोप येत नाही" ही तक्रार मनाचे खेळ नाहीत, तिला शरीरात आधार आहे.

त्यात दिवसभर आपण हालचाल करत असतो आणि स्नायू चालले की उष्णता तयार होते. रात्री नऊनंतर ती भट्टी मंद होते. फरशी गार असते, पाय धुऊन ओलेच गादीवर ठेवलेले असतात. यात आजार कुठेच नाही.

मग आजार आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं?

एक गोष्ट आजच रात्री करा. अंथरुणात शिरल्यावर अर्ध्या तासाने घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या पावलांना हात लावायला सांगा. तळहाताने नाही, हाताच्या मागच्या बाजूने, कारण तापमान तिथे चांगलं कळतं. आधी गुडघ्याखाली, मग घोट्यावर, मग पावलावर, शेवटी बोटांवर. दोन्ही पाय एकापाठोपाठ एक. मग तीन गोष्टींची उत्तरं लिहून ठेवा.

पाय खरंच गार आहेत, की तुम्हाला फक्त गार वाटतात? समोरच्याच्या हाताला पाय कोमट लागत असेल आणि तुम्हाला मात्र तो बर्फात ठेवल्यासारखा वाटत असेल, तर दोष रक्ताचा नसून बहुधा संवेदना नेणाऱ्या नसांचा आहे. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता ही त्याची आपल्याकडची दोन मोठी कारणं. सोबत मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं, कधी पायातली चप्पल निसटलेली कळत नाही. असे लोक महिनोन्‌महिने मोज्यांवर मोजे चढवत राहतात आणि मोज्यांनी काही होत नाही, कारण पाय मुळात गार नसतोच.

दोन्ही पाय सारखेच गार आहेत, की एकच? सारखे असतील तर घाई नाही. एकच पाय गार असेल, किंवा एका पायाचा गारपणा घोट्याच्या वर एका ठरावीक रेषेपासून सुरू होत असेल, तर तो रक्तवाहिनीचा प्रश्न समजून डॉक्टरांकडे जायचं.

फक्त हातपाय गारठतात, की सगळ्या अंगालाच थंडी सोसत नाही? घरात सगळे पंखा लावून बसले आहेत आणि तुम्ही एकट्या शाल पांघरून, असं असेल तर थायरॉईड आणि रक्त दोन्ही तपासावं लागतं.

या तीन उत्तरांवर माझ्या दवाखान्यातलं अर्धं काम होतं. रिपोर्टांची फाईल नंतर.

काळजी कधी करायची नाही?

लहानपणापासून हात गार, आईचेही तसेच, अंगाने सडपातळ, दोन्ही बाजू सारख्या, पांघरुणात तासाभराने ऊब येते, बोटांचा रंग बदलत नाही, जखमा वेळेवर भरतात, दम लागत नाही, पाळी नेहमीसारखी. अशा माणसाला मी औषध देत नाही. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. त्यांच्या हातापायांतल्या रक्तवाहिन्या थंडीला लवकर आकसतात आणि उष्णता तयार करणारे स्नायू सरासरीने कमी असतात. परीक्षेच्या किंवा भांडणाच्या दिवशी हात गार आणि घामट होतात, तेही याच आकसण्यामुळे. वय वाढलं की कातडीखालची चरबी कमी होते, म्हणून आजीला सगळ्यांआधी गोधडी लागते.

"हात गार म्हणजे बीपी कमी" आणि "रक्त घट्ट झालंय" ही दोन निदानं शेजारीपाजारी फार लवकर देतात. नुसत्या गार हातावरून दोन्ही ठरत नाहीत.

थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडतात. हे तेच का?

नाही, हे थोडं वेगळं आहे. बोटं एका रेषेपर्यंत पांढरी होतात, मग निळसर, आणि गरम होताना लाल होऊन ठणकतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला रेनॉचा त्रास म्हणतात. तरुण मुलींमध्ये हा बहुतेक वेळा एकटाच असतो आणि घातक नसतो. फ्रिजमधलं दूध काढताना, पहाटे भांडी घासताना होतो, दहा-वीस मिनिटांत उतरतो.

पण तो पहिल्यांदाच चाळिशीनंतर सुरू झाला असेल, एकाच हाताला असेल, बोटांच्या टोकांवर बारीक जखमा होत असतील, कातडी ताठरत असेल किंवा सांधे दुखत असतील, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मा या आजारांची ती पहिली खूण असू शकते. पुढच्या वेळी बोटं पांढरी झाली की मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात येईपर्यंत रंग परत आलेला असतो, आणि तो एक फोटो पानभर वर्णनापेक्षा मला जास्त उपयोगी पडतो.

रक्त कमी असल्यामुळे हातपाय गार पडतात का?

हो, आणि आपल्याकडे हे कारण पहिल्यांदा तपासावं इतकं ते घरोघरी आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला.

हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कमी झालं की शरीर आहे तेवढं रक्त महत्त्वाच्या अवयवांकडे वळवतं आणि कातडीच्या खिडक्या लावून घेतं. शिवाय लोह फक्त रक्तात लागतं असं नाही, शरीराची उष्णता तयार करण्याच्या कामातही ते लागतं. म्हणून लोह कमी असलेल्या बाईला थंडी लवकर वाजते आणि गारठलेलं अंग परत तापायला वेळ लागतो.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं तर तो ॲनिमिया. पण मी फक्त हिमोग्लोबिनवर थांबत नाही. शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन ही वेगळी तपासणी असते. पगार अजून हातात आहे पण बँकेतली शिल्लक संपली, अशी काही जणींची गत असते: हिमोग्लोबिन १२.२ आणि फेरिटिन ८. त्यांना "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवलेलं असतं, आणि त्या थकलेल्या असतात, केस गळत असतात, रात्री पाय गार आणि अस्वस्थ असतात. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपला हे नक्की. बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार करतात, मीही करते. एक सावधगिरी: ताप किंवा कुठलीही सूज अंगात असताना फेरिटिन खोटं वाढतं, त्यामुळे आजारपणात केलेल्या तपासणीवर विसंबू नका.

घरी दिसणाऱ्या खुणांमध्ये एक खूण बायका सांगायला लाजतात. तांदूळ निवडताना मूठभर कच्चे तांदूळ तोंडात जाणं, पाटीवरची पेन्सिल, खडू, भिंतीची माती, फ्रिजमधला बर्फ खावासा वाटणं. ही वाईट सवय नाही. लोह संपल्याची ती जुनी, ओळखीची खूण आहे आणि लोह भरून आलं की ओढ आपोआप जाते.

पुरुषाला किंवा पाळी बंद झालेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर नुसत्या गोळ्या देऊन चालत नाही. रक्त कुठून तरी जातंय, बहुधा पोटातून किंवा आतड्यातून, आणि ते शोधावंच लागतं. मूळव्याध, अल्सर, कधी आतड्याचा कर्करोगही. इथे टाळाटाळ करू नका.

गूळ, खजूर, बीट, अळिवाचे लाडू खाऊन हिमोग्लोबिन वाढेल ना?

हे पदार्थ जरूर खा, पण साठा संपलेला असेल तर त्यांनी भरून येत नाही. भाजीपाल्यातलं लोह आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर तेही अडतं. बिटाचा लाल रंग रक्ताचा नाही. लोखंडी कढईत आमटी-भाजी करणं, वर लिंबू पिळणं, जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवणं याचा उपयोग पुढे साठा टिकवायला होतो. भरायला गोळीच लागते.

थायरॉईडचा संशय कधी घ्यायचा?

थायरॉईडचं संप्रेरक शरीराच्या भट्टीची आच ठरवतं. ते कमी पडलं की सगळीच कामं मंदावतात. म्हणून थायरॉईडचा गारठा फक्त बोटांपुरता राहत नाही. सोबत कातडी कोरडी, टाचा भेगाळलेल्या, बद्धकोष्ठ, सकाळी चेहरा आणि पापण्या सुजल्यासारख्या, आवाज जाड, वजन थोडं वाढलेलं, नाडी मंद, विसराळूपणा असं काहीतरी असतं. यातलं काहीच नसेल आणि फक्त पावलं गार असतील, तर थायरॉईड निघण्याची शक्यता कमी. तरीही टीएसएच ही साधी तपासणी आहे, ती एकदा करून घ्यायला माझी हरकत नसते.

टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतो, प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी. हा आकडा उलटा वाचायचा असतो: थायरॉईड कमी पडलं की मेंदू जास्त ओरडतो, म्हणून टीएसएच वाढतो. १० च्या वर असेल तर बहुतेक वेळा गोळी सुरू करतात. ४ ते १० च्या मधला आणि थायरॉईडचं संप्रेरक थेट मोजणारी फ्री टी-४ ही तपासणी व्यवस्थित असेल तर लगेच गोळी लागतेच असं नाही. दोन-तीन महिन्यांनी परत तपासला की बऱ्याच जणांचा आपोआप खाली आलेला असतो. अशा मधल्या आकड्यावर "पाय गार पडतात ना, मग घ्या गोळी" असं म्हणणं मला पटत नाही, कारण गोळी घेऊनही त्यांचे पाय गारच राहतात आणि गोळी मात्र वर्षानुवर्षं चिकटते. गरोदर बाई किंवा गरोदरपणाची तयारी करणारी बाई हा अपवाद. तिने वाट बघू नये.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या आधी दोन दिवस बंद ठेवा, काही यंत्रांत त्याने टीएसएच चुकीचा येतो.

थायरॉईड आणि ॲनिमिया दोन्ही एकदम असू शकतात?

असतात, आणि एकमेकांना खतपाणी घालतात. एका बाईंची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील वगळून.

वय ३९, शाळेत शिक्षिका. आल्या त्या नोव्हेंबरात. तक्रार एकच: दोन मोजे घालूनही मध्यरात्रीपर्यंत पाय तापत नाहीत, नवरा म्हणतो मगरीसारखे थंड आहेत. मी पाऊल हातात घेतलं. खरंच गार, दोन्ही सारखे, पण दोन्ही पावलांवरची नाडी छान लागत होती. म्हणजे रस्ता मोकळा होता. खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढुरकी. पाळीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नेहमीसारखी." नेहमीसारखी म्हणजे काय ते विचारलं, तर सात दिवस, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड, आणि गाठी. वर्षभर असंच चाललेलं, म्हणून तेच नेहमीचं झालेलं. निघताना दारातून परत फिरल्या आणि कच्चे तांदूळ खाते हे सांगितलं.

हिमोग्लोबिन ८.६, लाल पेशी आकाराने लहान, फेरिटिन ५. टीएसएच ११.४, फ्री टी-४ मर्यादेच्या किंचित खाली. पोटाची सोनोग्राफी चांगली होती. थायरॉईड कमी पडल्यावर पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकतं, त्यातून लोह संपतं, आणि मग दोन्ही मिळून पाय गार करतात. ही साखळी इथे पूर्ण दिसत होती.

थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आणि लोहाची एक गोळी लिहून दिली. सात आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.१, टीएसएच ९.८. जवळजवळ काहीच हललं नव्हतं. मला वाटलं डोस वाढवावा. पण आधी विचारलं, गोळ्या कशा घेता? "सकाळी उठल्याबरोबर दोन्ही एकदम, चहाबरोबर. विसरायला नको म्हणून." चूक त्यांची नव्हती. मी चिठ्ठीवर वेळा लिहिल्या होत्या, पण तोंडाने समजावलं नव्हतं. लोह थायरॉईडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतं, चहा लोहाला धरून ठेवतो. दोन्ही गोळ्या पोटात जात होत्या आणि अंगी फारशा लागत नव्हत्या.

डोस तोच ठेवला, वेळा बदलल्या. थायरॉईडची गोळी पहाटे साडेपाचला साध्या पाण्याबरोबर, चहा साडेसहाला. लोहाची गोळी शाळा सुटल्यावर पाचला, लिंबूपाण्याबरोबर, आणि संध्याकाळचा चहा त्यानंतर तासाभराने. म्हणजे दोन गोळ्यांत चार तासांहून जास्त अंतर. आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.५ आणि टीएसएच ३.८. पाळी पाच दिवसांवर आली. तांदळाची ओढ पहिल्या काही आठवड्यांतच गेली होती. पाय मात्र सर्वांत शेवटी तापले, साधारण तिसऱ्या महिन्यात, आणि हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक महिन्याभरात गोळ्या सोडतात. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही लोह पुढे तीन महिने चालू ठेवलं, कारण साठा त्यानंतरच भरतो.

लोहाच्या गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरू नका. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झालं तर गोळी एक दिवसाआड घेतली तरी चालते, शोषण वाईट होत नाही. पण हे डॉक्टरांना सांगून करा.

"रक्ताभिसरण बरोबर नाही" म्हणजे नक्की काय?

हा शब्द लोक फार सैल वापरतात. हातपाय गार असलेल्या बहुतेकांचं रक्ताभिसरण ठणठणीत असतं, फक्त खिडक्या लावलेल्या असतात. खरा रक्ताभिसरणाचा आजार म्हणजे पायाकडे जाणारी रोहिणीच आतून अरुंद किंवा बंद होणं. तो ओळखायला पाय किती गार आहे यापेक्षा चालताना काय होतं हे जास्त महत्त्वाचं.

ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की दोन-पाच मिनिटांत जातो, परत तेवढंच चाललं की परत येतो. हे अंतर महिन्यामहिन्याने कमी होत गेलं तर रोहिणी अरुंद होत चालली आहे. पुढची पायरी रात्रीची. आडवं झालं की पाऊल आणि बोटं आग होऊन दुखतात, आणि पाय खाटेखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं, कारण खाली सोडल्यावर रक्त उताराने तरी पोचतं. पाय खाली सोडून बसल्या बसल्या झोपणाऱ्या माणसाचं गारपण साधं नसतं. बोटांवरचे केस झडलेले, कातडी चकचकीत आणि पातळ, पाय वर उचलला की पांढरा आणि खाली सोडला की तांबडा-जांभळा, अंगठ्याची छोटी जखम महिनाभर न भरलेली: यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

पन्नाशीनंतर हा आजार मधुमेह, रक्तदाब आणि धूम्रपान यांच्यामुळे होतो. पण आपल्याकडे चाळिशीच्या आतल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत रोहिण्या बंद करणारा बर्गरचा आजार दिसतो. माझ्याकडे आलेला एक ट्रॅक्टर चालवणारा माणूस ३६ वर्षांचा होता, दिवसाला एक-दीड बंडल विडी. आठ महिने तो सायटिका समजून कमरेची औषधं आणि बी-१२ ची इंजेक्शनं घेत फिरला होता. तोवर कुणी त्याचा बूट काढून पाऊल पाहिलं नव्हतं. डावं पाऊल उजव्यापेक्षा स्पष्ट गार होतं, घोट्यामागची नाडी लागत नव्हती आणि करंगळीचं टोक काळं पडायला लागलं होतं. या आजारात विडी पूर्ण बंद करणं हाच मुख्य उपचार असतो. कमी करून भागत नाही, दिवसाला एक ओढली तरी आजार पुढे सरकत राहतो. त्याने सोडली. करंगळीचं टोक गेलं, पाय राहिला.

बायकांना मी मिश्रीबद्दल मुद्दाम विचारते. "तंबाखू नाही खात" म्हणणाऱ्या बाई दिवसातून तीनदा मिश्री लावत असतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि निकोटिन हिरडीतून रक्तात जाऊन रक्तवाहिन्या आकसवतंच. झोपायच्या आधी मिश्री लावून मग पाय गार पडतात म्हणणाऱ्यांनी पहिल्यांदा तीच सोडून बघावी.

पायाची नाडी घरी बघता येते का?

येते. अंगठा वर उचलला की पावलावर अंगठ्याच्या स्नायूची एक दोरी ताणलेली दिसते. तिच्या बाहेरच्या बाजूला, पावलाच्या मध्यावर, दोन-तीन बोटं हलकेच ठेवा. दुसरी नाडी आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागे, हाड आणि टाचेच्या मधल्या खोबणीत. जोरात दाबू नका, दाबलं की नाडी हरवते. पावलावरची नाडी काही निरोगी लोकांतही लागत नाही, त्यामुळे तेवढ्यावर घाबरू नका. पण दोन्ही ठिकाणी लागत नसेल आणि वरच्यापैकी काही त्रासही असेल, तर डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं प्रमाण काढतात. ते ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर रोहिणी अरुंद आहे. जुन्या मधुमेहींच्या रक्तवाहिन्या कडक होतात आणि हा आकडा फसवा चांगला येतो, त्यांना डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करावी लागते. सगळ्यांना डॉपलर लागत नाही.

लगेच दवाखाना गाठावा असं कधी?

एक पाय किंवा हात अचानक, तास-दोन तासांत, गार आणि पांढरा पडला, खूप दुखतोय, मग बधिर होतोय, बोटं हलत नाहीत: ही रोहिणीत गुठळी अडकल्याची लक्षणं आहेत. सकाळची वाट बघू नका. सुमारे सहा तासांच्या आत रक्त परत सुरू झालं तर पाय वाचण्याची शक्यता चांगली असते. चोळू नका, शेकू नका, १०८ ला फोन करा आणि शक्यतो रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या.

दुसरी वेळ डेंग्यूची. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. नेमक्या त्याच वेळी हातपाय गार आणि चिकट झाले, पोट दुखतंय, उलट्या होताहेत, लघवी कमी झाली, माणूस कासावीस किंवा सुस्त आहे, तर तो धोक्याचा टप्पा आहे. ताप नाही म्हणून थांबू नका, भरती करा.

बाळाचे हातपाय गार लागतात. काय करू?

पोटाला आणि तळपायाला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. दोन्ही गरम तर बाळ छान. पोट गरम आणि पाय गार तर बाळाला थंडी वाजतेय, उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या, टोपी-मोजे घाला. पोटही गार लागलं तर लगेच डॉक्टरांकडे.

बीपीच्या गोळीने असं होतं का?

प्रोप्रानोलॉल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्यांनी होऊ शकतं. त्या बीपीसाठी, धडधडीसाठी, काही मायग्रेनसाठीही देतात. गोळी सुरू झाल्यानंतर हातपाय गार पडायला लागले असतील तर डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका, हृदयावर ताण येतो.

कुठल्या तपासण्या करू?

बहुतेकांना सीबीसी, फेरिटिन, टीएसएच आणि साखर एवढं पुरतं. शाकाहारी असाल, मेटफॉर्मिन घेत असाल किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर बी-१२ जोडा. साठ-सत्तर तपासण्यांच्या पॅकेजची गरज नाही. त्यात अनेकदा फेरिटिन नसतंच आणि नको त्या चार आकड्यांनी झोप उडते.

रात्रीसाठी घरी काय करावं?

आधी अंग गरम करा, पाय मग आपोआप तापतात. गार पावलांवर तीन मोजे आणि वर पातळ सुती गाऊन, याने काही होत नाही. पोटाछातीवर स्वेटर घातला की मेंदू खिडक्या उघडतो.

झोपायच्या तासभर आधी घमेल्यात कोमट पाणी घेऊन घोटे बुडतील इतके पाय दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पाणी कोपराने तपासा, कोपराला सुखाचं वाटेल इतपतच गरम. मग बोटांच्या बेचक्यांसकट नीट पुसा आणि सैल, कोरडे मोजे घाला. रबराचा वळ उमटत असेल तर मोजा घट्ट आहे.

मधुमेहींनी आणि पाय बधिर असणाऱ्यांनी गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, हीटिंग पॅड पायाला लावू नये. दर थंडीत माझ्याकडे एक-दोन तरी असे पाय येतात, ज्यांवर तळहाताएवढा फोड असतो आणि माणसाला सकाळी मोजा ओला दिसेपर्यंत पत्ताच नसतो. पिशवी वापरायचीच तर झोपायच्या आधी गादीत ठेवून गादी गरम करा आणि आत शिरण्याआधी काढून घ्या.

काशाच्या वाटीने तळपाय घासलेले चालतील का, असंही विचारतात. चालतील, चोळण्याने बरं वाटतं आणि झोपही लागते. फक्त तळव्यावर येणारा काळा रंग अंगातली उष्णता किंवा विष बाहेर पडल्याचा नसतो, तो वाटीचा धातू आणि तेल एकमेकांवर घासल्याने येतो. रंग जास्त निघाला म्हणून आजार जास्त असं नाही. जखम असेल किंवा पायाची नाडी लागत नसेल तर मात्र वाटी लांबच ठेवा.